धरमपेठेच्या दुकानदाराला लिहिलेला मेल

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा घरातल्या सगळ्या बायका साड्या घ्यायला धरमपेठेत गेल्या. मीही गेले. लहानपणी पोलिओ झाल्यापासून माझे दोन्ही पाय कामातून गेलेले. कॅलिपर, म्हणजे पायांना बांधायच्या लोखंडी पट्ट्या, आणि कुबड्यांवर मी शाळा केली, नोकरी केली, बसच्या पायऱ्याही चढले. पन्नाशीनंतर खांद्यांनी साथ सोडली आणि मी चाकाच्या खुर्चीवर आले. तेव्हापासून नागपूरच्या रस्त्यांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. आधी अडचण माझी वाटायची. खुर्चीवर बसल्यावर कळलं की अडचण सिमेंटची आहे, आणि ते सिमेंट कोणीतरी ओतलेलं आहे.

त्या साडीच्या दुकानाला दोन पायऱ्या होत्या. गुळगुळीत, काळ्या दगडाच्या, चांगल्या उंच. पुढे दुकानाची स्वतःची मोकळी जागा, तिथे दोन पुतळे पैठण्या नेसून उभे आणि एक स्कूटर. पुतळ्यांना जागा होती, स्कूटरला जागा होती.

आतून दोन सेल्समन धावत आले. मुलं चांगली होती, हसतमुख.

"ताई, घाबरू नका. आमी उचलून नेतो ना तुम्हाले. रोज गठ्ठे उचलतो."

"मी गठ्ठा नाही," मी म्हटलं.

मुलं ओशाळली. त्यांचा काय दोष? एकानं विचारलं, "मंग साड्या इथंच आणून दाखवू का?"

वहिनी म्हणाली, "दाखवू दे ना वं. काहून वाद घालून राहिली? घरात कार्य आहे ना."

मग त्यांनी प्लास्टिकच्या खुर्चीवर चादर टाकली आणि माझ्यासमोर फुटपाथच्या कडेला साड्या उलगडायला सुरुवात केली. जाणारे-येणारे थांबून पाहू लागले. एक बाई तर विचारून गेली, "सेल लागला का?" बाकीच्या बायका आत गादीवर बसून चहा पीत होत्या, एकमेकींच्या खांद्यावर पदर टाकून पाहत होत्या, त्यांचं हसणं मला बाहेर ऐकू येत होतं. मी तिसरी साडी उलगडू दिली नाही. मालक कुठे आहेत, असं विचारलं.

"मालक या टायमाले नसतात. तुम्ही मेल करून द्या. थैलीवर पत्ता आहे." त्यानं दुकानाची कापडी थैली माझ्या हातात दिली. खाली बारीक अक्षरात मेलचा पत्ता छापलेला होता.

मी ती थैली घरी आणली. साडी आणली नाही.

आमचा एक छोटा गट होता. प्रताप नगरात एका समाजमंदिराच्या तळमजल्यावर आम्ही महिन्यातून एकदा भेटायचो. कुणी खुर्चीवर, कुणी काठीवर, कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. अध्यक्ष होते बँकेतून निवृत्त झालेले एक काका. मधुमेहानं त्यांचा पाय गेला होता, पण शर्टाची इस्त्री कधी मोडली नाही. आणि हिंगण्याच्या एका कारखान्यात काम करणारा एक तरुण होता. प्रेसमध्ये त्याचा उजवा पंजा गेला होता, आणि तो आला की खोलीतलं तापमान वाढायचं.

मी दुकानाची गोष्ट सांगितली तेव्हा प्रत्येकाकडे तशीच एक निघाली. औषधाचं दुकान, चष्म्याचं दुकान, मिठाईचं दुकान. ठरलं की धरमपेठेतल्या ज्या ज्या दुकानांचे मेल पत्ते मिळतील त्यांना गटातर्फे मेल करायचा, मराठीतून. मजकूर काकांनी लिहिला. टाइप करायचं काम माझं, कारण मी आयुष्यभर तेच केलं. सरकारी कचेरीत आधी टाइपरायटरवर आणि मग कॉम्प्युटरवर मी मराठी टंकलेखन केलं होतं.

काकांचा मजकूर माझ्या ओळखीचाच होता. विषय: दुकाने व आस्थापनांमध्ये दिव्यांग व्यक्तींकरिता अडथळाविरहित वातावरणनिर्मितीबाबत. आणि खाली: "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की, समाजातील दिव्यांग घटकांप्रति आपल्या सहृदयतेचा परिचय देऊन यथोचित सहकार्य करावे, ही नम्र विनंती."

"काका, यात आपल्याला काय हवं ते कुठे आहे?" मी विचारलं.

"अडथळाविरहित वातावरण. त्यात सगळं आलं."

"रॅम्प हा शब्दच नाही."

"अहो ताई, व्यापारी माणूस आहे. एकदम रॅम्प मागितला तर दचकेल. आधी मान द्यावा."

मी टाइप केलं आणि सगळ्यांचे पत्ते काकांनी सांगितल्याप्रमाणे एकाच ओळीत टाकून मेल पाठवला. कुणाला कुणाला गेला आहे ते प्रत्येकाला दिसत होतं. मेल सगळ्यांना गेला, म्हणजे कुणालाच गेला नाही. एखाद्या दुकानदारानं तो उघडून, शेजाऱ्याचंही नाव पाहून, शेजारी काय ते बघेल असं म्हणून बंद केला असेल.

एक उत्तर मात्र आलं. नेमकं त्या साडीच्या दुकानातून.

"नमस्कार. आम्ही दर वर्षी दिवाळीत एका संस्थेला मदत करतो. या वर्षीचे ठरलेले आहे. पुढील वर्षी आपल्या प्रतिनिधीस पाठवावे."

पुढच्या बैठकीत मी ते वाचून दाखवलं. काका म्हणाले, "बघा, किती सभ्य उत्तर आहे."

"आपण वर्गणी मागितली असं वाटलं त्यांना," मी म्हटलं. "आणि का वाटू नये? सहृदयता, सहकार्य, समाजातील घटक. मीही वाचलं असतं तर पाकीट काढलं असतं."

हिंगण्याचा मुलगा उभा राहिला. त्यानं फोनवर मसुदा तयारच ठेवला होता. नुकताच नवा कायदा झाला होता, त्याचा क्रमांक त्यानं पहिल्या ओळीत घातला होता. "सदर दुकान कायद्याचे उल्लंघन करीत असून पंधरा दिवसांत रॅम्प न केल्यास आपणांविरुद्ध कठोर कारवाई करण्यात येईल."

"करण्यात येईल म्हणजे कोण करेल गा?" मी विचारलं.

"आपण करू ना."

"तू करशील, मी करीन, की काका करतील?"

तो मागे हटला नाही. "ताई, तुम्ही भिऊन राहिल्या का त्याले?"

"नाही. कायदा आहे, आणि लागला तर तोही काढू. पण अजून त्या माणसाला कुणी सांगितलंच नाही की आपल्याला काय पाहिजे. एकानं भीक मागितल्यासारखं लिहिलं, तू धमकी देऊन राहिला. मधे काही आहे की नाही? मी लिहिते. त्या एकाच दुकानाला. माझ्या नावानं."

काकांना ते आवडलं नाही. गटाच्या नावानं जायला हवं, म्हणाले. मी म्हटलं, फुटपाथवर बसले ती मी होते.

घरी येऊन बसले तर पहिल्या शब्दावरच अडले. तीस-बत्तीस वर्षं मी "उपरोक्त" आणि "उचित कार्यवाहीस्तव" टाइप केलं होतं. बोटांना ती सवय होती. त्या भाषेची एक सोय असते, तिच्यात लिहिणारा माणूस दिसतच नाही. पण या मेलमध्ये मला दिसायचं होतं. उलट घरी बोलते तसं लिहिलं, "काहून जी, आमाले आत येऊ देत नाही का?" तर वयानं मोठ्या, अनोळखी माणसाशी ते बरं दिसलं नसतं. मला मान द्यायचा होता, पण मान खाली घालायची नव्हती.

तेव्हा बाबांची आठवण झाली. बाबा कापडगिरणीत होते. आमच्या वस्तीनं धम्म घेतला त्या वेळी ते तरुण होते, आणि त्या दिवसानंतर काही शब्द त्यांनी तोंडातून काढून टाकले. मी पाचवीत गेले तेव्हा माझा वर्ग शाळेच्या वरच्या मजल्यावर आला. कॅलिपर घालून जिना चढायला मला प्रार्थना संपेपर्यंत वेळ लागायचा. बाबांनी अर्ज लिहिला, वर्ग खाली आणावा म्हणून. आपल्या हातानं, रेघेच्या कागदावर. शाळेच्या कारकुनानं वाचला आणि म्हणाला, "खाली 'आपला आज्ञाधारक' लिहा. तसंच असते."

बाबा म्हणाले, "मी पोरीचा बाप आहो. आज्ञाधारक कायचा?"

"अहो, पद्धत आहे ती."

"असंन. मी 'आपला' लिहिलं आहे. तेवढं पुरे."

मी शेजारी बाकावर बसले होते. कारकुनानं अर्ज परत सरकवला, बाबांनी तो पुन्हा पुढे सरकवला. कुणीच आवाज चढवला नाही. शेवटी कारकुनानं तसाच ठेवून घेतला. वर्ग खाली यायला दिवाळी उजाडली, पण आला. आमच्या वर्गातली मुलं खूश झाली, कारण तळमजल्यावरून मैदान जवळ होतं.

मी लिहायला लागले. विषयाच्या जागी आधी "रॅम्पबाबत" लिहिलं. मग खोडलं. विषयाची ओळ वाचूनच माणूस मेल उघडतो किंवा सोडतो. त्या ओळीत सगळं सांगून टाकायचं असं मी ठरवलं.

विषय: मला तुमच्या दुकानात आत यायचं आहे, त्यासाठी पायऱ्यांशेजारी उतार हवा

मा. श्री. (इथे त्यांचं नाव, ते मी दुकानात फोन करून विचारून घेतलं),

सप्रेम नमस्कार.

मी प्रताप नगरात राहते. माझ्या आईच्या वेळेपासून आमच्याकडच्या लग्नकार्याच्या साड्या तुमच्याच दुकानातून येतात. तुमचा माल चांगला असतो, म्हणून हे तुम्हालाच लिहिते आहे.

मी चाकाची खुर्ची वापरते. तुमच्या दाराशी दोन पायऱ्या आहेत. मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाच्या साड्यांसाठी आले तेव्हा घरातल्या बाकी बायका आत बसल्या आणि मला रस्त्याच्या कडेला साड्या दाखवण्यात आल्या. तुमची माणसं माझ्याशी चांगली वागली, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला उचलून नेण्याची तयारीही त्यांनी दाखवली. मला ते नको आहे. कुणालाच नको असतं.

माझी विनंती एकच आहे. पायऱ्यांच्या बाजूला एक पक्का उतार, म्हणजे रॅम्प, करून घ्यावा. तो माझ्याच नाही, काठीवर चालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या आणि मुलांना बाबागाडीत घेऊन येणाऱ्या आयांच्याही उपयोगी पडेल. हे मी देणगी म्हणून मागत नाही. गिऱ्हाईक म्हणून मागते आहे. नव्या कायद्यातही याची तरतूद आहे, पण त्याची गरज पडू नये असं मला वाटतं.

आपण काय ठरवता ते कृपया कळवावं. काही अडचण असेल तर तीही मोकळेपणानं लिहा.

आपली,

आणि खाली माझं नाव.

वाचून पाहिलं. सगळीकडे "तुम्ही" होतं आणि शेवटी एका ठिकाणी "आपण" आलं होतं. आधी ते बदलावं असं वाटलं, मग राहू दिलं. बोलतानाही आपण तसंच करतो. निरोप घेताना माणूस जरा सावरून बसतो. "कायदा" शब्द ठेवावा की नाही यावर मात्र बराच वेळ गेला. काढला तर मी मेहेरबानी मागते आहे असं झालं असतं. पहिल्या ओळीत घातला तर पुढचं कुणी वाचलं नसतं. तो मजकुराच्या आत, सगळं सांगून झाल्यावर, एका वाक्यात ठेवला.

हिंगण्याच्या मुलाला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "गोड आहे, पण ठीक." काकांना पाठवला. त्यांनी फोन केला. "'कुणालाच नको असतं' हे जरा टोचतं, ताई. ते काढा."

"टोचायलाच ठेवलंय काका."

मी पाठवून दिला.

उत्तर आठवडाभरानं आलं. या वेळी ते गटाला नव्हतं, मला होतं.

"ताई, नमस्कार. तुमचा मेल वाचला. वाईट वाटले. पुढच्या वेळी येण्याआधी फोन करा, आमची माणसे सर्व व्यवस्था करतील. रॅम्प करायला आमची हरकत नाही पण फुटपाथवर केला तर महानगरपालिका अतिक्रमण म्हणून तोडते. तरी समजून घ्यावे."

रागही आला आणि बरंही वाटलं. रॅम्प हा शब्द आता त्यांच्याकडूनही आला होता. आणि अडचण खरी होती. फुटपाथवर उतार काढून तो चालणाऱ्यांच्या वाटेत आणणारी दुकानं मी पाहिली होती, ते मलाही नको होतं. मी त्याच दिवशी लिहिलं.

"माननीय, नमस्कार. स्पष्ट उत्तर दिलंत, आभार. फुटपाथवर उतार नकोच, तुमचं बरोबर आहे. पण दुकानासमोर तुमची स्वतःची जागा आहे. तिथे सध्या पुतळे आणि स्कूटर असते. उतार सरळ रस्त्याकडे न काढता भिंतीला लागून आडवा काढला तर तो पूर्ण तुमच्याच हद्दीत बसतो. पायऱ्यांची उंची एक फुटाच्या आसपास आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, त्याहून कमी केला तर खुर्ची मागे उलटते. मी शनिवारी दुपारी चारला येते आणि जागा दाखवते. साडी घ्यायला नाही, एवढ्यासाठीच येते आहे. तुम्ही असाल तर बरं होईल."

"असाल तर बरं होईल" हे लिहिताना मनात होतं की नसलात तरी येणार आहे.

शनिवारी भाऊ मला घेऊन गेला. मालक होते. सत्तरीचे, पांढरा शर्ट, खिशाला पेन. ते वरच्या पायरीवर उभे राहिले आणि मी खाली. माझी मान दुखायला लागली.

"मालक, खाली येता का? मला वर पाहून बोलता येत नाही."

ते एकदम खाली आले. शेजारच्या पुतळ्याला धरून उभे राहिले. त्यांच्यामागे एक बाई दाराशी आली, त्यांची सून. दुकानाचं कॉम्प्युटरचं काम ती बघायची.

"तुमचा मेल हिनं मले वाचून दाखवला," ते म्हणाले. "मी काही ते मशीन पाहत नाही. पैला जो आला होता, तो तर हिले बी समजला नाही."

सून म्हणाली, "मला वाटलं वर्गणीचा आहे. मीच उत्तर टाकलं होतं. तुमचा वाचला तेव्हा बाबा जेवत होते. ते म्हणाले, पुन्हा वाच."

"लई सरळ लिहिलं तुम्ही," मालक म्हणाले.

"वाईट लागलं का?"

"लागलं." त्यांनी लपवलं नाही. "आमच्या दुकानात आजवर कोणाचा अपमान झाला नाही. आमच्या वडलांपासून गिऱ्हाइकाले पाणी विचारल्याशिवाय आमी साडी दाखवत नाही. आणि तुम्ही लिहिता रस्त्याच्या कडेले."

"पाणी मलाही विचारलं होतं. रस्त्याच्या कडेलाच."

मग व्यापाऱ्याचा सवाल आला, तो येणारच होता. "पण ताई, खरं सांगा. चाकाच्या खुर्चीवाले असे कितीक येतात? इतक्या वर्षांत मी तर पाहिले नाहीत."

"मी लहान होते तेव्हापासून या रस्त्यावर येते. आई आत जायची, मी सायकलरिक्षात बसून राहायची. पुढेही या गुळगुळीत दगडावर कुबड्या टिकायच्या नाहीत. तुम्ही मला पाहिलं नाही कारण मी दारापर्यंत पोचलेच नाही. या रस्त्यावर अशा किती रिक्षा, किती गाड्या उभ्या असतात आणि आत कोण बसलेलं असतं ते एकदा बघा."

सासऱ्याआधी सुनेनं रस्त्याकडे पाहिलं.

मी त्यांना भिंतीची बाजू दाखवली. भावानं पावलं टाकून लांबी मोजली. मालक म्हणाले, स्कूटर कुठे लावू? मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा. त्यांना ते आवडलं नसावं. "विचार करतो," एवढंच म्हणून ते आत गेले. चहाही विचारायचा राहिला.

गटात मी सांगितलं तेव्हा हिंगण्याचा मुलगा म्हणाला, "झालं. विचार करतो म्हणजे नाही. आता माझा मेल पाठवा." काकांचं उलट. "तुम्ही स्कूटरबद्दल तसं बोलायला नको होतं. एक छोटासा मेल करून द्या, गैरसमज नसावा म्हणून."

"कशाबद्दल गैरसमज?" मी विचारलं. "त्यांना सगळं नीट समजलं आहे. म्हणूनच राग आला. मी माफी मागणार नाही आणि धमकीही देणार नाही. काम विचारणार."

दर पंधरवड्याला मी एक ओळ पाठवू लागले. "नमस्कार. उताराच्या कामाचं काय ठरलं ते कळवावं." तेवढंच. पहिल्या दोन वेळी उत्तर नाही. तिसऱ्या वेळी सुनेनं लिहिलं, "लग्नसराई चालू आहे, त्यानंतर बघू असे बाबा म्हणतात." मी लिहिलं, "ठीक आहे. लग्नसराई कधी संपते ते मला ठाऊक आहे. त्यानंतर पुन्हा विचारीन." वहिनी म्हणायची, तू त्या माणसाच्या मागेच लागली वं. मी म्हणायची, हो, लागले आहे.

भाचीचं लग्न झालं. मी जुनीच साडी नेसले आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला का ते सांगितलं. मंडपातल्या निम्म्या बायकांना तो मेल तोंडपाठ झाला.

लग्नसराई ओसरली, उन्हाळा सरत आला तेव्हा एक फोटो आला, सोबत मजकूर नव्हता. काळ्या पायऱ्यांच्या बाजूला भिंतीलगत सिमेंटचा ताजा उतार, त्यावर ओली पोती टाकलेली. मी तो फोटो गटात पाठवला. हिंगण्याच्या मुलानं डाव्या हातानं टाइप करून नुसता एक शब्द पाठवला, "जमलं!" काकांनी लांबलचक अभिनंदन लिहिलं, त्यात सहृदयता होतीच.

ओल गेल्यावर मी गेले. लांबून पाहिलं तेव्हाच कळलं, उतार आखूड होता. स्कूटरची जागा वाचवली होती. भावानं मागून जोर लावला, पुढची चाकं उचलली गेली, मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि आम्ही कसेबसे वर पोचलो. कठडाही नव्हता. पण मी आत होते.

आतलं दुकान मोठं होतं, थंड होतं. काचेच्या कपाटांत साड्यांच्या घड्या रंगानं लावलेल्या. गादी जमिनीलगत होती, तिच्यावरच्या साड्या खुर्चीवरून पाहायच्या तर मला वाकावं लागत होतं, म्हणून सेल्समननं टेबल आणलं. तोच मुलगा, गठ्ठेवाला. त्यानं पाणी दिलं. मालक गल्ल्यावरून पाहत होते. मी एक, दोन, किती साड्या उलगडायला लावल्या कुणास ठाऊक. हिरव्यातली दाखवा, काठ बारीक हवा, ही नको, ती परत दाखवा. शेजारच्या बायका आपापल्या साड्यांत बुडालेल्या, कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "नाही आवडली कोणतीच."

सेल्समनचं तोंड पडलं. मालक म्हणाले, "एकही नाही?"

"आज नाही. पुन्हा येईन."

मग त्यांनी तेच केलं जे ते दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाशी करतात. मान हलवली आणि पुढच्या बाईकडे वळले. त्या मान हलवण्यानं मला जे वाटलं ते घरी सांगायला गेले तर वहिनी म्हणाली, मग गेलीच कशाला होती? मी म्हटलं, आत बसून नाही आवडली म्हणायला.

उतरताना मात्र भावाचा हात सुटता सुटता राहिला. घरी आल्यावर मी मेल उघडला.

"माननीय, नमस्कार. आज दुकान आतून पाहिलं. छान आहे. उतार केलात, त्याबद्दल मनापासून आभार. पण तो आखूड आणि उभा झाला आहे, एकटीनं चढता येत नाही आणि उतरताना धोका आहे. मी आधी लांबी लिहिली होती ती तशीच हवी. एका बाजूला कठडाही हवा. अर्धं काम झालं म्हणून मी गप्प बसणार नाही, हे तुम्हाला आता माहीत आहेच. आपली."

काकांना दाखवला असता तर त्यांनी शेवटचं वाक्य काढायला सांगितलं असतं. म्हणून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी फोन आला. मालक स्वतः होते. मेल वाचून दाखवायची वाट पाहिली नसावी, किंवा वाचून झाल्याबरोबर फोन उचलला असावा.

"ताई, तुम्ही तर लईच जिद्दी बाई निघाल्या."

"हो."

"ते मिस्त्रीनं आपल्या मनानं केलं. मी बी म्हटलं, स्कूटर राहते, तर राहू दे." जरा थांबून म्हणाले, "परवा पुन्हा फोडून राहिलो. तुम्ही येता का? मले ते फूट-इंच समजत नाही. तुम्ही समोर असाल तर एकदाच होईल. सकाळी या, मंग ऊन लागते."

मी गेले. सुनेनं माझ्यासाठी छत्री धरायला माणूस ठेवला होता, मी ती मिस्त्रीच्या डोक्यावर धरायला सांगितली, कारण काम तो करत होता. मालकांनी स्कूटर ढकलत शेजारच्या झाडाखाली नेली. मग मिस्त्रीनं दोरी ताणली आणि मी तिचं दुसरं टोक कुठे धरायचं ते सांगू लागले.